गाजराला दोन पाय, मुळा पोकळ, बीटमध्ये काळे डाग: कारण एक की तीन?

वाफेवाली

काल वाफा रिकामा केला आणि डोक्याला हात लावला. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद वाफा. त्यात तीन पट्टे: गाजर, लांब मुळा, बीट. तिन्ही एकाच दिवशी पेरले, एकाच दिवशी काढले, माती एक, पाणी एक.

गाजरं ४१ निघाली. त्यातली २६ दुफाटी, काहींना तीन फाटे. ९ गाजरं उभी तडकलेली. मुळे बाहेरून बघाल तर देखणे, कापले की आत भुसभुशीत, दोनांत तर चक्क पोकळी. बीट १४. पाच बीटांत आत काळपट, कडक, बुचासारखे डाग. शिवाय दोन-तीन बीटं एकमेकांना पिळा घालून वाढलेली.

बियाणं तिन्हीचं एकाच ठिकाणाहून आणलेलं. म्हणून घरात एकमत झालं की बी खराब. मला ते पटत नाहीये, पण दुसरं काही सुचतही नाहीये. एकाच वाफ्यात तिन्ही बिघडली म्हणजे कारणही एकच असणार ना? पुढची पेरणी तीन आठवड्यांत करायची आहे.

खोडकर

दुफाट्यांपैकी एखादं पायावर पाय टाकून बसलेलं असेल तर त्याचं तेवढं चित्र काढून ठेवा. आमच्याकडे एक निघालं होतं, हुबेहूब आमच्या मुख्याध्यापकांसारखं. चार दिवस कोणी किसायला धजावलं नाही.

शेणखतबंद

कारण एकच आणि ते म्हणजे ताजं शेणखत. गाजराला कच्चं खत लागलं की फाटे फुटणार म्हणजे फुटणारच. वर्षभर कुजलेलं खत, तेही आधीच्या पिकाला घालायचं. गाजराच्या पेरणीला काहीच घालायचं नाही. विषय संपला.

वाफेवाली

@शेणखतबंद, खत घातलं होतं, पण चांगलं कुजलेलं. काळं, वास नसलेलं, चाळून घेतलेलं.

शेणखतबंद

सगळ्यांना आपलं खत कुजलेलंच वाटतं.

गच्चीवाली

माझंही अगदी असंच! कुंडीत मुळा लावला तर नुसता पाला. हातभर पाला आणि खाली शेपटीएवढं मूळ. काय घालावं?

खोडकर

गच्चीवाली, त्यांना मुळे आले आहेत, तुम्हाला आलेच नाहीत. "अगदी असंच" कसं?

मूळपुरुष

वाफेवाली ताई, गाजरं फेकली नसतील तर लगेच फेकू नका. बी खराब, खत कच्चं, पाणी जास्त हे सगळं नंतर बघू. आधी या दोषांचं वय काढू. मुळावरची खोड कधी घडली हे बहुतेक वेळा मुळावरच लिहिलेलं असतं. तारीख कळली की त्या तारखेला वाफ्यात काय चाललं होतं हे तुम्हालाच आठवेल.

गाजराचं असं असतं की ते आधी लांब होतं, मग जाड होतं. उगवल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वर दोन-चार इवलीशी पानं दिसत असतात, तेव्हा खाली सोटमूळ दोऱ्यासारखं भराभर खोल उतरत असतं. त्या दोऱ्याचं टोक कुठे मेलं किंवा अडलं की बाजूची मुळं त्याची जागा घेतात आणि पुढे तीच फुगतात. म्हणजे फाटा तुम्हाला काढणीला दिसला तरी घडला पहिल्याच महिन्यात. तडकणं बरोबर उलट. ते जाड होताना किंवा काढताना घडतं. त्यामुळे फाटा आणि तडा यांचं कारण एक असण्याची शक्यता मला तर सुरुवातीलाच कमी वाटते.

चार गोष्टी बघून सांगा.

दुफाट्या गाजरांचा मानेपासून फाट्यापर्यंतचा भाग पट्टीने मोजा. सगळ्या २६ चा. सरासरी नको, एकेक आकडा हवा.

तडकलेल्या गाजरांत तड्याच्या आतली बाजू बघा. नारिंगी, ओलसर आणि कडा धारदार आहे, की आत तपकिरी, खरखरीत साल धरली आहे?

मुळ्याच्या पोकळीला गुळगुळीत भिंत आहे, की नुसता कोरडा भेंडासारखा गर आहे?

आणि बीटचा पाला अजून असेल तर सगळ्यात आतली, कोवळी पानं कशी आहेत?

चौकस

+१. पट्टी घेऊन गाजर मोजणारा माणूस पहिल्यांदाच भेटला, पण मुद्दा पटला.

गाठीवाला

सूत्रकृमी विसरू नका. आमच्या एका कोपऱ्यात तीन वर्षं गाजर दुफाटं येत होतं. आम्ही दगड वेचून वेचून थकलो. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून एक गाजर उपटलं नाही, मातीच्या ढेकळासकट खणून काढलं आणि बादलीत भिजत ठेवून हळूच धुतलं. बारीक तंतुमुळांवर मोहरीहून लहान गाठी, माळेत मणी ओवल्यासारख्या. उपटताना ही तंतुमुळं मातीतच तुटून राहतात, म्हणून इतकी वर्षं दिसलंच नव्हतं.

वाफेवाली

अरे बापरे. मी तर सगळी उपटली. पण कडेला चार-पाच छोटी राहिली आहेत, उद्या खणून बघते.

गच्चीवाली

मग माझ्या मुळ्याचं काय?

मूळपुरुष

गच्चीवाली, ते वेगळं दुखणं. दाट पेरणी, सावली किंवा नत्र जास्त, यातलं काहीतरी असेल. रोपांत चार बोटं अंतर ठेवा, कुंडी उन्हात सरकवा आणि खत थांबवा. तरीही पालाच आला तर नवा धागा काढा, तिथे येतो.

वाफेवाली

मोजलं. पट्टी, वही, चष्मा घेऊन बसले होते. घरच्यांनी दारातून बघून काही न बोलता दार लावून घेतलं.

२६ पैकी १९ गाजरांचा फाटा मानेपासून ११ ते १३ सेंटीमीटरवर. जवळजवळ एका रेषेत. शेजारी शेजारी मांडल्यावर मलाच आश्चर्य वाटलं. उरलेल्या ७ चा फाटा अगदी वर, २ ते ४ सेंटीमीटरवर, आणि ती मुळं एकमेकांत गुंतलेली, वाकडी.

तडकलेल्या ९ पैकी ६ ना आत तपकिरी खरखरीत साल. ३ ना ताजी नारिंगी चीर, कडा कागदाने कापल्यासारखी.

कडेची चार गाजरं ढेकळासकट काढून धुतली. तंतुमुळं स्वच्छ, गाठी नाहीत. गाठीवाला, धन्यवाद, झोप लागली.

बीटच्या पाल्याचा ढीग अजून होता. काळे डाग असलेल्या पाचपैकी तिघांची मधली पानं खुजी, वेडीवाकडी, टोकं काळी पडून वाळलेली. बाहेरची पानं ठीक.

शेणखतबंद

१९ गाजरं एका रेषेत? खत त्या खोलीवर थर करून घातलं असणार.

मूळपुरुष

शेणखतबंद, तुमचा मुद्दा अगदीच चूक नाही. कच्च्या खताचं ढेकूळ कोवळ्या टोकाला लागलं तर टोक जळू शकतं. पण खत मातीत मिसळलेलं असतं, त्यामुळे तसे फाटे कुठेही फुटतात. एक ४ वर, एक ९ वर, शेजारचं सरळ. दगडाचंही तसंच, आणि दगड लागलेल्या गाजरावर बहुधा त्याचा खळगाही उरतो. १९ गाजरं एकाच खोलीवर अडली तर तिथे काहीतरी आडवं आहे.

ताई, वाफा कशाने आणि किती खोल खणला होता? आणि एक जाड तार किंवा सळई घेऊन ओल्या वाफ्यात हाताने सरळ दाबून बघा. कुठे अडते ते सांगा. दहा ठिकाणी बघा, एका ठिकाणी दगडही लागू शकतो.

चौकस

थांबा, थांबा. म्हणजे गाजराने मातीची खोली मोजून दिली?

मूळपुरुष

मोजूनच दिली.

वाफेवाली

सळई लावली. दहापैकी आठ ठिकाणी साधारण १२ सेंटीमीटरपर्यंत लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि मग थांबली. जोर दिला तर हात दुखतो, सळई वाकते. उरलेल्या दोन ठिकाणी १५ पर्यंत गेली.

वाफा मी छोट्या कुदळीने खणला होता. तिचं पातं आत्ता मोजलं, १३ सेंटीमीटर. गेली चार वर्षं त्याच कुदळीने, तेवढंच खणते आहे. खाली काय आहे हे कधी बघितलंच नाही.

खोडकर

चार वर्षं वाफ्याला तळमजला होता आणि मालकिणीला पत्ता नाही.

मूळपुरुष

तर १९ गाजरांचा हिशेब लागला. टोक उतरत गेलं, १२ च्या आसपास घट्ट थरावर टेकलं, तिथे अडून मेलं किंवा वळलं, आणि बाजूच्या मुळांनी सूत्रं हातात घेतली. घट्ट थरावर पाणीही साचतं आणि साचलेल्या पाण्यात कोवळ्या टोकाला हवा मिळत नाही. ते टोक दाबामुळे गेलं की पाण्यामुळे, हे आता सांगता येणार नाही. उपाय मात्र दोन्हीला तोच. वाफा ३० सेंटीमीटरपर्यंत मोकळा करा. माती उलथीपालथी नको, जाड काट्यांचं फावडं खुपसून मागे ओढून नुसती हलवायची. आणि हे माती वाफशावर असताना, चिखलात नाही. चिखलात खणलं तर नवा थर तुम्हीच थापाल.

आता ती ७ उरली. वाफ्यात विरळणी केली होती का? आणि उपटलेली रोपं कुठे गेली?

वाफेवाली

(तोंड लपवलं.) एका टोकाला बी उगवलंच नव्हतं. विरळणीत निघालेली गाजराची रोपं तिथे लावली होती. सात की आठ होती. छान जगली म्हणून मी खूशही होते.

प्रयोगशील

जगणारच. पण उपटताना टोक तुटलं आणि लावताना मूळ मुडपलं. वरच फाटा आणि वर पीळ म्हणजे स्थलांतर केलेलं गाजर. मीही केलंय हे. बीटची रोपं मात्र लावलेली चालतात आणि ते गाजराला कळत नाही.

चौकस

बीटला का चालतं?

प्रयोगशील

बीटचा गोळा म्हणजे बराचसा मूळ आणि खोड यांच्यामधला भाग फुगलेला असतो. खालची शेपटी तुटली, फाटली तरी गोळ्याचं फारसं बिघडत नाही. गाजरात आपण जवळजवळ सगळं सोटमूळच खातो. मुळा या दोघांच्या मधे.

आणि हो, ती पिळा घातलेली बीटं दुफाटी नव्हेत. बीटचं एक "बी" म्हणजे चिकटलेल्या बियांचा घोस असतो, एकातून दोन-तीन रोपं उगवतात. ती कात्रीने कापून एकच ठेवायची. तुम्ही बहुतेक एकेक बी नीट अंतरावर टोकलं आणि विरळणीची गरज नाही असं समजलात.

वाफेवाली

तुम्ही माझ्या कुंपणावर बसला होतात का?

सहज_वाचक

असे तडकलेले, पोकळ कंद खायला चालतात का? मी सगळा धागा त्यासाठीच वाचला.

मूळपुरुष

चालतात. मऊ पडलेला, वास येणारा भाग काढून टाका. तड्यात माती असते, नीट घासून घ्या. भेंडाळलेल्या मुळ्याला चव नसते, एवढंच.

तड्यांकडे येतो. ताई, तुम्ही दोन प्रकारचे तडे सांगितलेत आणि त्यांच्या तारखा वेगळ्या आहेत. आत साल धरलेले ६ म्हणजे तडा जमिनीत असतानाच गेला, जखम भरली आणि त्यानंतरही गाजर वाढत राहिलं. ताज्या चिरेचे ३ काढणीच्या दिवशीचे आहेत. पहिल्या सहांसाठी मला पाण्याचा इतिहास हवा. मधे कधी पाणी तुटलं होतं?

वाफेवाली

तुटलं होतं. पेरणीनंतर साधारण पन्नासाव्या दिवशी आम्ही १२ दिवस बाहेर होतो. ज्यांना पाणी घालायला सांगितलं होतं त्यांनी घातलं नाही. (त्यांचं नाव घेत नाही, रोज समोर दिसतात.) परत आले तर पाला मान टाकून पडलेला. घाबरून नळी सोडली ती दुपारभर.

मूळपुरुष

झालं. कोरड्या काळात बाहेरची साल जून होते, तिची ताणायची क्षमता जाते. मग एकदम भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगतो, साल त्याच्याबरोबर वाढू शकत नाही आणि उभी उकलते. अशा वेळी पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी थोडं असं दोन-तीन दिवसांत वाफा ओला करायचा. पाला मान टाकून असला तरी.

प्रयोगशील

इथे थोडा मतभेद. हळूहळू पाणी देऊनही माझी तडकली आहेत. माझ्याकडे अंतर जास्त होतं, गाजरं मनगटाएवढी झाली होती. जाड गाजर तसंही लवकर तडकतं. तुमच्या सहा गाजरांची जाडी इतरांपेक्षा जास्त होती का, ते बघायला हवं होतं.

वाफेवाली

तेवढं मोजलं नाही. आता त्यांचा कीस झाला आहे.

मूळपुरुष

मान्य. सगळ्यांना तेच पाणी मिळालं आणि ४१ पैकी सहाच उकलली, म्हणजे त्या सहांत काहीतरी वेगळं होतं. जाडी असू शकते.

ताज्या तीन चिरांचं सांगा. काढणी सकाळी केली?

वाफेवाली

सकाळी साडेसहाला. आदल्या संध्याकाळी उपटायला सोपं जावं म्हणून पाणी दिलं होतं. आणि बादलीत टाकत होते. टाकत म्हणजे फेकत.

खोडकर

टण्ण असा आवाज आला असेल.

वाफेवाली

खरंच आला होता! एक तर हातातच फाटलं.

मूळपुरुष

पाण्याने टम्म भरलेलं, थंड गाजर काचेसारखं असतं. नुसत्या धक्क्याने उभं फुटतं. तीच गाजरं दुपारनंतर काढली असती, किंवा फेकण्याऐवजी ठेवली असती, तर ती तीन वाचली असती.

शेणखतबंद

मुळ्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. पोकळ मुळा म्हणजे बोरॉनची कमतरता. हे तरी खरं ना?

प्रयोगशील

बोरॉन कमी पडलं तर मुळा आत तपकिरी पडतो, काळपट होतो. ताईंनी भुसभुशीत म्हटलंय, रंगाबद्दल काही नाही. ताई, रंग?

वाफेवाली

पांढराशुभ्र. थर्मोकोलसारखा. कापताना सुरी कर्र वाजते. दोनांतल्या पोकळीला मात्र भिंत होती, गुळगुळीत, तीही पांढरी.

मूळपुरुष

पांढरा आणि कोरडा म्हणजे भेंडाळलेला. मूळ भराभर फुगलं की मधल्या गराच्या पेशींना रस पोचेनासा होतो, त्या मरतात आणि त्यांच्या जागी हवा भरते. उशिरा काढणी आणि उष्णता या दोन्हींनी ते वाढतं. पेरणी ते काढणी किती दिवस झाले?

वाफेवाली

७८.

खोडकर

मुळा काढायचा होता की वारसा म्हणून ठेवायचा होता?

मूळपुरुष

लांब मुळा बहुतेक ४० ते ५० दिवसांत तयार होतो, लहान गोल लाल मुळा तर महिन्याभरातच. गाजराला जास्त लागतात. एकाच दिवशी पेरलं हे ठीक, एकाच दिवशी काढलं तिथे घोळ झाला.

पुढच्या वेळी एक परीक्षा करून बघा. चाळिसाव्या दिवसापासून दर तीन-चार दिवसांनी सगळ्यात बाहेरचं एक पान बुडापासून दोन बोटं वर आडवं कापा. देठ आतून भरीव, ओला, हिरवट असेल तर मुळा बहुधा चांगला आहे. देठाच्या मधे पांढरा कापूस किंवा पोकळी दिसली तर त्याच दिवशी मुळे काढा. मूळ न उपटता आतलं कळतं. अगदी शंभर टक्के नाही, पण मला क्वचितच फसवलंय.

भिंत असलेल्या दोन पोकळ्यांबद्दल मी खात्रीने बोलणार नाही. तशी पोकळी गोळा धरायच्या सुरुवातीच्या दिवसांत माती फार तापली तर होते, असा माझा अनुभव आहे. पण दोन मुळ्यांवरून काय ठरवणार?

गाठीवाला

देठाची युक्ती आजच बघितली. आमचा मुळा ४६ दिवसांचा. तीन झाडांचा देठ भरीव, एकाचा पोकळ. चारही उपटले. तीन चांगले, आणि पोकळ देठवाला खरोखर भेंडाळलेला. झकास.

चौकस

मुळा पाण्यात तरंगतो की बुडतो यावरूनही कळतं म्हणतात.

गाठीवाला

तेही केलं. चारपैकी तीन तरंगले, त्यात दोन चांगले होते. ते सोडून द्या.

प्रयोगशील

बीटवर मीच बोलतो, कारण तिथे मी भाजलोय. आत बुचासारखे काळे डाग आणि मधली कोवळी पानं मेलेली, ही जोडी बोरॉनकडे बोट दाखवते. बोरॉन जुन्या पानांतून नव्या पानांकडे सरकत नाही, म्हणून कमतरता आधी वाढत्या शेंड्यावर दिसते. मातीचा सामू जास्त असला, चुना किंवा राख जास्त पडली असली की मातीत असूनही ते मिळत नाही. ताई, चुना घालता का?

वाफेवाली

चुना नाही. राख मात्र दर वर्षी. लाकडाची, दोन घमेली. सामू परवा पट्टीने बघितला, ७.५ ते ८ च्या मधे रंग आला.

शेणखतबंद

राखेत बोरॉन असतंच की. मग राख घालून बोरॉन कमी कसं पडेल?

मूळपुरुष

हा प्रश्न चांगला काढलात. राखेत थोडं असतं हे खरं. पण राखेने सामू वर गेला की मातीतलं आधीचंही अडकून बसतं. शिवाय बोरॉन पाण्याबरोबरच मुळात शिरतं. ते कोरडे १२ दिवस आठवा. त्या काळात माती भरलेली असती तरी बीटला मिळालं नसतं. त्यामुळे कमतरता मातीत होती की फक्त त्या बारा दिवसांत, हे मी इथून सांगू शकत नाही. १४ पैकी नऊ चांगली निघाली, हेही लक्षात घ्या.

वाफेवाली

मग बोरॅक्स घालू का?

प्रयोगशील

घाला, पण माझ्यासारखं नको. मी २ चौरस मीटरला मूठभर टाकलं होतं. बीट चांगलं आलं. त्यानंतर त्याच जागी घेवडा लावला तर पानांच्या कडा पिवळ्या पडून भाजल्यासारख्या झाल्या, सगळा वेल गेला. बोरॉनचं कमी आणि जास्त यांच्यात अंतर फार थोडं असतं.

बीटचा तुमचा पट्टा साधारण १ चौरस मीटर. त्याला १ ग्रॅम बोरॅक्स पुरे. १ ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, त्यातलं १०० मिलिलिटर घ्या आणि झारीभर पाण्यात मिसळून पट्ट्यावर सारखं शिंपा. एकदाच, पेरणीआधी. उरलेल्या बाटलीवर नाव लिहा आणि मुलांपासून लांब ठेवा. "अजून थोडं" असं वाटेल, तेव्हा माझा घेवडा आठवा.

मूळपुरुष

माझं वेगळं मत. आधी माती तपासून घ्या. तेवढा वेळ नसेल तर अर्ध्या पट्ट्याला द्या, अर्ध्याला देऊ नका आणि मधे काडी रोवा. सगळीकडे टाकलं तर बीट चांगलं आलं तरी कशामुळे आलं हे कळणार नाही. राख मात्र आजपासून बंद.

गच्चीवाली

कुंडी उन्हात सरकवली. बघू.

वाफेवाली

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढते आहे. प्रतिसाद देणाऱ्यांचं ऋण होतं.

वाफ्याचा निम्मा भाग ३० सेंटीमीटरपर्यंत मोकळा केला, निम्मा मुद्दाम जुन्या कुदळीने खणला. बी मागच्याच पाकिटातलं उरलेलं. मोकळ्या भागात ३४ गाजरं, त्यातली ३१ सरळ. जुन्या भागात ३३, त्यातली १२ सरळ, बाकीची पुन्हा तिथेच, बारा सेंटीमीटरवर फुटलेली. पाकीट घरच्यांसमोर ठेवलं. बी निर्दोष सुटलं.

मुळे ४४ व्या दिवशी काढले. बाहेरच्या एका पानाच्या देठात कापूस दिसायला लागला होता. एक सोडून सगळे भरीव.

या वेळी तडा एकाच गाजराला, आणि ते सगळ्यात जाड होतं. प्रयोगशील, तुमच्या खात्यात लिहा.

बीटचं मात्र काहीच कळलं नाही. अर्ध्या पट्ट्याला बोरॅक्स दिलं, अर्ध्याला नाही, मधे काडी. दोन्हीकडची सगळी बीटं आतून स्वच्छ. राख बंद होती, पाणीही एकदाही तुटलं नाही.

मूळपुरुष

म्हणजे बारा दिवस बाहेर जाऊन बघायला हवं.

वाफेवाली

तिकिटं तुम्ही काढा.

गच्चीवाली

माझा मुळा आला! बोटाएवढा आहे, पण दोन पाय आहेत. आता हे कशामुळे?